पानाची मागची बाजू: फोटो बघणाऱ्या चॅटबॉटवर नववीसाठी आखलेला पाठ

पार्श्वभूमी

शाळा नाशिक शहराच्या कडेची, मराठी माध्यमाची. नववीच्या तुकडीत ४४ मुलं. निम्मी आसपासच्या कॉलन्यांमधली, बाकीची दिंडोरीच्या बाजूने बसने येणारी, म्हणजे घरी द्राक्षबाग किंवा बागेतली मजुरी असणारी. मी विज्ञान शिकवतो, आणि संगणकाचा तास दुसरं कोणी घेत नाही म्हणून तोही माझ्याकडेच आहे.

विषय सुरू झाला तो ऑक्टोबर छाटणीनंतर. मध्ये दोन-तीन दिवस अवकाळी पाऊस झाला होता. दिंडोरीकडच्या एका मुलाने बागेतल्या वेलीच्या पानावर पिवळे डाग पाहिले, मोठ्या भावाच्या मोबाइलवर संध्याकाळी फोटो काढला आणि चॅटबॉटला विचारलं, ‘पानाला काय झालंय?’ उत्तर आलं की मॅग्नेशियमची कमतरता दिसते, आणि पुढे फवारणीचं प्रमाणही. सकाळी त्याने तोच फोटो पुन्हा टाकला, पण या वेळी विचारलं, ‘हा केवडा आहे का?’ उत्तर आलं: हो, ही केवड्याची ठळक लक्षणं आहेत.

दोन्ही उत्तरं वहीत उतरवून तो माझ्याकडे आला. ‘सर, यातलं कुठलं खरं?’

मी विचारलं, ‘वडील काय म्हणाले?’

‘त्यांनी पान उलटं केलं. मागे पांढरी बुरशी होती. केवडाच आहे म्हणाले.’

केवडा हा द्राक्षवेलीचा रोग, पानाच्या वरून दिसतो तो तेलकट पिवळ्या डागांसारखा. खात्री पटते ती मागच्या बाजूला, डागाच्या बरोबर खाली येणाऱ्या पांढऱ्या वाढीवरून. मुलाने फोटो वरूनच काढला होता. वडिलांना पाच सेकंदांत जे कळलं ते त्या फोटोत नव्हतंच, आणि तरी फोटोवरून दोनदा ठाम उत्तर मिळालं होतं.

अडचण

हा किस्सा मी वर्गात सांगितला तेव्हा दोन गट पडले. एक म्हणाला, ‘ते काहीही फेकतं, सर.’ दुसरा म्हणाला, ‘प्रश्न नीट विचारला नाही म्हणून चुकलं.’ दोन्ही गटांतली मुलं ते वापरतच होती. फोटो टाकून काही विचारलंय का म्हटल्यावर बहुतेक हात वर गेले: गणिताच्या पुस्तकाचं पान, इंग्रजीचा उतारा, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या, एकाने तर आजीच्या गोळ्यांची पट्टी.

‘फेकतं’ म्हणणारा गट आजीच्या गोळ्यांचं नाव वाचून घेताना बिनधास्त होता, कारण तिथे ते बरोबर निघालं होतं. म्हणजे मुलांना गोष्ट कळली नव्हती असं नाही. कुठे विश्वास टाकायचा आणि कुठे नाही, याचा काही हिशेबच त्यांच्याकडे नव्हता. तो देण्यासाठी पाठ आखायचं ठरलं.

कोणते पर्याय होते

मुख्याध्यापिका बाईंचं म्हणणं होतं की नियमांचा एक तक्ता भिंतीवर लावावा आणि परिपाठात वाचून दाखवावा. तास वाचतो, पालकही खूश. पण नियम वाचून पान उलटं करायची सवय लागत नाही, हे त्यांनाही पटलं.

दुसरा पर्याय होता प्रयोगशाळेत मुलांनी स्वतः वापरून बघायचा. तो दोन कारणांनी बाद झाला. पहिलं म्हणजे वय. अशा अनेक साधनांच्या अटींमध्ये किमान वय १३ आणि १८ पर्यंत पालकांची संमती असं असतं. काहींत सरळ १८. नववीच्या मुलांना शाळेनेच खाती उघडायला लावणं योग्य नव्हतं. दुसरं म्हणजे प्रत्येक मूल कुठला फोटो टाकतंय यावर माझं लक्ष राहिलं नसतं.

भूगोलाच्या मॅडमनी तिसरा पर्याय सुचवला: उत्तरांचे स्क्रीनशॉट छापून आणायचे, साधन वर्गात उघडायचंच नाही. नेट गेलं तरी तास होतो. माझी शंका एवढीच होती की मुलं म्हणणार, ‘सर, तुम्ही चुका निवडून आणल्यात.’

शेवटी ठरलं ते असं: माझं एकच खातं, एक प्रोजेक्टर, टाइप मी करणार, फोटो आणि प्रश्न मुलं ठरवणार. फोटोत कुणाचाही चेहरा, हजेरीपत्रक किंवा ओळखपत्र नसेल. पालकांना चिठ्ठी पाठवली, त्यात ही अट स्पष्ट लिहिली. छापील स्क्रीनशॉट राखीव ठेवले. तिसऱ्या तासिकेला वीज गेली तेव्हा ते कामी आले, मॅडमना तेवढं श्रेय द्यायला हवं.

पहिला तास, जो फसला

पहिल्या आराखड्यात मी ‘याला काय जमत नाही’ अशी सहा कामांची यादी केली होती. वाचलेलं आणि वर्षभरापूर्वी स्वतः करून पाहिलेलं, यांवरून. काट्यांचं घड्याळ वाचता येत नाही, कारण जाहिरातींतली बहुतेक घड्याळं दहा वाजून दहा मिनिटं दाखवतात आणि शिकवताना तीच चित्रं जास्त पडलेली असतात. वाकडंतिकडं देवनागरी हस्ताक्षर जमत नाही. वस्तू मोजता येत नाहीत. आणि असंच.

मी ऐटीत वर्गातल्या घड्याळाचा फोटो टाकला. अकरा पस्तीस झाले होते. उत्तर आलं, ‘सुमारे ११:३५.’ फळ्यावरचं माझं हस्ताक्षर त्याने वाचलं, माझ्या ‘ध’ आणि ‘घ’सकट, जे मुलांनाही नेहमी जमत नाही. सहापैकी चार कामं त्याने नीट केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी नव्हे.

तास संपल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘सर, म्हणजे त्याला सगळंच येतं ना?’

चूक कुठे झाली ते घरी जाताना लक्षात आलं. ही साधनं काही महिन्यांनी बदलतात. आज न जमणारं काम पुढच्या आवृत्तीला जमतं. शिवाय त्याच साधनाला तोच फोटो दोनदा दिला तरी उत्तर वेगळं येऊ शकतं. म्हणजे ‘जमत नाही’ची यादी ही शिकवायची गोष्टच नव्हे, ती शिळी होते. आणि शिळी यादी उघडी पडली की उरलेल्या दोन खऱ्या इशाऱ्यांवरूनही मुलांचा विश्वास उडतो. शिकवायला हवी होती तपासायची रीत.

पुन्हा आखलेला पाठ

नवा आराखडा ३५ मिनिटांच्या तीन तासिकांचा झाला. नियम चार. फोटो असा हवा की त्यातलं खरं उत्तर आपल्या हातात आहे. साधनाला विचारण्याआधी आपला अंदाज वहीत लिहायचा. तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या नव्या संवादांत विचारायचा, कारण एकाच संवादात विचारलं तर त्याला त्याचं आधीचं उत्तर दिसत असतं आणि ते त्यालाच धरून बसतं. आणि आलेल्या उत्तरातल्या प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करायची: ‘दिसलं’, ‘अंदाज’ किंवा ‘आणलं’. फोटोत थेट आहे ते दिसलं. फोटोवरून ताडलेलं ते अंदाज. फोटोत नसलेलं, इतर वाचनातून आलेलं ते आणलं.

पहिली तासिका शेंगदाण्यांची. स्टीलच्या ताटलीत ७ शेंगदाणे सुटे सुटे ठेवले: तिन्ही वेळा ७. मग ३७ दाणे, एकमेकांवर चढलेले. मुलांनी मोजून, दोघांकडून खात्री करून घेतली. उत्तरं आली ३५, ४०, ३६. गंमत म्हणजे तिन्ही वेळा ‘साधारण’ हा शब्द नव्हता. एका मुलाने सुचवलं की दाणे पसरवून चार भागांत चार फोटो काढू. तसं केल्यावर बेरीज ३७ आली. एका वेळी बरोबर आली म्हणजे नेहमी येईल असं नाही, पण काम सोपं करून दिलं की चूक कमी होते हे मुलांनी आपणहून काढलं.

त्याच तासिकेत सूचनाफलक घेतला. मी मुद्दाम एक ओळ लिहिली होती: ‘ग्रंथालय सोमवारी बंद राहील.’ व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाहून अख्ख्या फलकाचा फोटो काढला. पहिल्या संवादात उत्तर आलं, ‘ग्रंथालय रविवारी बंद राहील.’ दुसऱ्यात सोमवारी, तिसऱ्यात परत रविवारी. मग जवळ जाऊन फक्त त्या ओळीचा फोटो काढला, तर तिन्ही वेळा सोमवारी.

इथे थांबून आत काय होतं ते फळ्यावर काढून दाखवलं. फोनचा फोटो समजा ४००० ठिपके रुंद आहे. बरीच साधनं तो आत घेताना लहान करतात. समजा १५०० ठिपक्यांवर आणला. मूळ फोटोत २४ ठिपके उंचीचं अक्षर आता ९ ठिपक्यांचं झालं. त्यातून मात्रा, अनुस्वार, ‘सो’ की ‘र’ हे ओळखायचंय. पुढे आलेखाच्या कागदासारखे चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोनाचे आकडे होतात, आणि त्या आकड्यांवरून व शिकलेल्या भाषेवरून उत्तराचा एकेक शब्द लिहिला जातो. चौकोन धूसर असला की भाषेची सवय पुढे सरसावते. ‘ग्रंथालय … बंद राहील’ या वाक्यात बहुतेकदा कुठला वार येतो? मुलंच ओरडली, ‘रविवार!’

आपणही असंच वाचतो, असं एक मुलगी म्हणाली. बरोबरच आहे. फरक एवढा की आपण डोळे बारीक करून ‘नीट दिसत नाहीये’ म्हणतो आणि पुढे जातो. साधन कधी म्हणतं, कधी म्हणत नाही.

दुसरी तासिका प्रश्नाच्या ओढीची. शाळेमागच्या मोकळ्या जागेचा फोटो: भिंत, घाणेरीची झुडपं, एक फुटकी बादली. नाशिकमध्ये बिबट्याच्या बातम्या नव्या नाहीत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे फोटो खऱ्याखोट्याच्या सरमिसळीत फिरतात, म्हणून मुलांनी प्रश्न निवडला, ‘या फोटोतला बिबट्या कुठे लपलाय?’ दोनदा उत्तर आलं की बिबट्या दिसत नाही. तिसऱ्यांदा: ‘डावीकडच्या झुडपात, सावलीत त्याच्या ठिपक्यांचा काही भाग दिसतो.’ वर्गात हलकल्लोळ. ‘या फोटोत काय काय आहे?’ एवढंच विचारलं तेव्हा तिन्ही वेळा भिंत, झुडपं, बादली. बिबट्या एकदाही नाही. मुलांनी वहीत लिहिलं: आधी ‘काय दिसतं’ विचारायचं, आपल्या मनातलं नाव नंतर.

मग पान. मुलाने बागेतलं ताजं पान आणलं होतं. वरच्या बाजूचा फोटो टाकून उत्तर फळ्यावर उतरवलं आणि वाक्यावाक्याला खूण केली. ‘पानावर पिवळे डाग आहेत’ हे दिसलं. ‘डाग शिरांच्या मध्ये आहेत’ यावर वाद झाला, भिंगातून बघितलं, काही होते, काही नव्हते. ‘ही मॅग्नेशियमची कमतरता असू शकते’ हा अंदाज. ‘अमुक प्रमाणात फवारणी करा’ हे आणलं. पानात प्रमाण कुठे लिहिलेलं नसतं. मुलगा एकदम म्हणाला, ‘म्हणजे मी घरी जे पाळायला निघालो होतो ते सगळं आणलेलंच होतं.’

शेतकरी करतात तो एक साधा प्रयोग त्याने सांगितला: संशयित पान ओल्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवायचं, केवडा असेल तर सकाळपर्यंत मागे पांढरी वाढ येते. दुसऱ्या दिवशी पिशवी वर्गात फिरली, भिंगासकट.

तिसरी तासिका उलट्या दिशेची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. इथवर मुलं साधनाला न दिसणारं शोधत होती. आता मी माझ्या घरच्या गॅलरीतल्या तुळशीचा फोटो टाकला आणि विचारलं, हा फोटो कुठे काढला असेल? मला वाटलं होतं, तुळस म्हणेल, गॅलरी म्हणेल. त्याने मागच्या दुकानाची अर्धी पाटी वाचली, पाटीवरचा ‘नाशिक रोड’ पकडला, सावलीवरून सकाळ असावी म्हणाला आणि इमारतीच्या टाक्यांवरून तिसरा-चौथा मजला असा अंदाज दिला. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. वर्ग गप्प झाला. चेहरा नसलेला, निरुपद्रवी वाटणारा फोटो होता तो. गणवेशावरचा बिल्ला, वहीवरचं नाव, दाराबाहेरची पाटी यांचं काय होईल ते वेगळं सांगावं लागलं नाही.

फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद असू शकते, हे मुलांना फोनच्या गॅलरीत फोटोचा तपशील उघडून दाखवलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला तर ती नोंद गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. चॅटबॉट ती वाचो न वाचो, फाइल तर गेलेली असते.

शेवटचा फोटो दुतोंड्या मारुतीचा. गोदावरीला पूर आला की रामकुंडाजवळच्या या मारुतीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी असं अख्खं शहर बोलतं. मॅडमनी २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात काढलेला फोटो दिला. मूर्ती त्याने ओळखली, पाणी कुठपर्यंत आहे ते ठीक सांगितलं. मग विचारलं, ‘हा आजचा पूर आहे का?’ त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की फोटोवरून तारीख कळत नाही. दुसऱ्या संवादात ‘आजच्या पुराचा हा फोटो आहे, माहिती लिही’ म्हटल्यावर मात्र त्याने आजच्या पुराची म्हणून चार ओळी लिहून दिल्या. आपण सांगितलेली तारीख त्याने उचलली. याच तासिकेत पुढे वीज गेली आणि उरलेलं काम छापील कागदांवर झालं.

काय निष्पन्न झालं

तीन आठवड्यांनी एक छापील फोटो आणि त्यावरचं सहा वाक्यांचं उत्तर देऊन खुणा करायला सांगितलं. ‘आणलं’ जवळपास सगळ्यांनी ओळखलं. ‘दिसलं’ आणि ‘अंदाज’ यांत बरीच मुलं अडकली. ‘मुलगी आनंदी आहे’ हे वाक्य अर्ध्या वर्गाने ‘दिसलं’मध्ये टाकलं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ‘हसतेय ते दिसलं. आनंदी आहे का ते तिला विचारावं लागेल.’ त्यावर पाच मिनिटं गेली आणि ती पाच मिनिटं सगळ्या पाठात मला सर्वांत मोलाची वाटतात.

घरी वापर कमी झाला का? नाही, आणि तो हेतूही नव्हता. गणिताच्या पानाचे फोटो अजून जातात. फक्त आता आकृती आणि प्रश्न वेगवेगळे, जवळून काढून टाकतात, असं दोघी-तिघींनी सांगितलं. आजीच्या गोळ्यांच्या मुलाला मी बाजूला घेऊन सांगितलं की नाव वाचून घेणं ठीक, पण पट्टीशी अक्षर अन् अक्षर जुळवून बघ, आणि गोळी कधी घ्यायची ते औषधाच्या दुकानात किंवा डॉक्टरांना विचार. त्याने मान डोलावली. ऐकेल का, माहीत नाही.

पुन्हा घ्यायचा तर

पानापासूनच सुरुवात करीन. गोष्ट वर्गातलीच होती, आणि मी ती दुसऱ्या तासिकेपर्यंत राखून ठेवली, घड्याळाच्या नादात. गॅलरीचा फोटो पहिल्याच दिवशी घेईन, कारण तिसऱ्या तासिकेआधीच्या दोन आठवड्यांत मुलांनी घरी काय काय टाकलं असेल कोण जाणे. बिबट्याचा प्रश्न ठेवीन, पण दहा मिनिटांत आवरीन; त्या दिवशी त्याने अर्धी तासिका खाल्ली. ‘दिसलं’ आणि ‘अंदाज’ यांच्यासाठी माणसांच्या चेहऱ्यांऐवजी ढगांचे फोटो वापरायचा विचार आहे: काळे ढग दिसले, पाऊस येणार हा अंदाज. चेहऱ्यांचा प्रश्नच उरत नाही.

आणि तीन संवादांचा नियम तीनच ठेवीन का, यावर अजून ठरत नाही. तिन्ही उत्तरं सारखी आली की मुलं ते खरं धरतात. वरून काढलेला पानाचा फोटो तीनदा टाकला आणि तीनदा मॅग्नेशियम आलं, तरी पानाची मागची बाजू त्यात येत नाही. हे वर्गात बोललो, पण आराखड्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. आता पाचवा नियम म्हणून लिहिलाय: फोटोत काय आलं नाही, ते आधी लिहा.

डिसेंबरात त्या मुलाच्या बागेत पुन्हा डाग दिसले. त्याने या वेळी पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाउजेडी काढले, शेजारी पट्टी ठेवून, आणि तीन संवादांत विचारलं. तिन्ही वेळा केवडा. तो धावत बांधावर गेला, तर वडील पाठीवरचा पंप उतरवत होते. ‘सकाळीच मारलं,’ म्हणाले.